रिक्रूटरला नकार कळवताना: उत्तर ‘रिमार्क’च्या रकान्यासाठी लिहा

बेळगावात बसून लिंक्डइनवर किंवा नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइल ठेवलं की एक गंमत बघायला मिळते. पुण्याच्या रिक्रूटरला आपलं आडनाव मराठी दिसतं. हा पुण्याला यायला एका पायावर तयार असणार, असं तो धरून चालतो. बेंगळुरूच्या रिक्रूटरला पत्त्यात कर्नाटक दिसतं, त्यामुळे त्याच्या मते आपण बेंगळुरूला निघालेलोच असतो. निपाणीचा माणूस वीसेक किलोमीटरवरच्या कागलच्या एमआयडीसीत रोज जाऊन येऊन नोकरी करू शकतो, हे दोघांच्याही गावी नसतं. मग न मागितलेले आणि न जुळणारे मेसेज येत राहतात. बहुतेक जण त्यांना एक तर उत्तरच देत नाहीत, नाहीतर ‘नॉट इंटरेस्टेड’ एवढं लिहून मोकळे होतात.

उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या भरतीचं काम मी बघत असे आणि पुण्याच्या कन्सल्टन्सीवाल्यांशी रोजचा संबंध होता. तुमच्या उत्तराचं पलीकडे काय होतं ते त्यामुळे मला जवळून माहीत आहे. रिक्रूटरकडे एक ट्रॅकर असतो. मोठ्या कंपनीत त्याचं सॉफ्टवेअर असतं, छोट्या कन्सल्टन्सीत साधी एक्सेल शीट. रकाने ठरलेले असतात: नाव, फोन, सध्याची कंपनी, अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस, ठिकाण आणि सगळ्यात शेवटी रिमार्क. तुम्ही ‘नॉट इंटरेस्टेड’ लिहिलंत की रिमार्कमध्ये ‘एनआय’ ही दोन अक्षरं पडतात. सहा महिन्यांनी तुमच्याच कामाची जागा निघाली की रिक्रूटरचं काम करणारी मुलगी शीट फिल्टर करते, आणि ‘एनआय’वाले सगळे गाळूनच पुढे जाते. ती तुमच्यावर चिडलेली नसते. तुम्हाला काय हवंय हे तिच्यापाशी कुठे लिहिलेलंच नसतं, एवढंच.

म्हणून नकाराचं उत्तर लिहिताना समोरच्या माणसाइतकाच तो रकानाही डोळ्यांसमोर ठेवायचा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने सांगतो. उदाहरण माझ्या मावसभावाचं घेतो, कारण त्याचं उत्तर आम्ही दोघांनी बसून लिहिलं होतं.

मेसेज आधी नीट वाचा

मावसभाऊ क्वालिटी इंजिनिअर आहे. विमानांचे सुटे भाग मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनवर काम करतो. भागाची मापं घेण्याचे प्रोग्रॅम लिहितो, नव्या भागाचा पहिला तपासणी अहवाल म्हणजे एफएआय बनवतो. अनुभव सहा वर्षं, पगार वर्षाला ७ लाख २० हजार. अनगोळात स्वतःचं घर, आईवडील सोबत, बायको शाळेत शिक्षिका. त्याला लिंक्डइनवर आलेला मेसेज इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

“नमस्कार, तुमचं प्रोफाइल पाहिलं. चाकण, पुणे इथे एका नामांकित ऑटो कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची तातडीची जागा आहे. अनुभव ४ ते ७ वर्षं. आयएटीएफ, पीपॅप, कस्टमर कंप्लेंट. तिन्ही शिफ्ट. पॅकेज साडेआठ लाखांपर्यंत. इच्छुक असाल तर अपडेटेड सीव्ही, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पिरियड पाठवा.”

त्याने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “दादा, ह्यास्नी काय लिहू सांग की. नको आहे, पण तोडायचं पण नाही.”

यात सगळ्यात आधी बघायचं ते पाठवणारा कोण हे. कंपनीचं नाव न घेता ‘नामांकित कंपनी’ म्हटलं असेल तर बहुधा तो कन्सल्टन्सीचा माणूस. त्याला पैसे मिळतात ते उमेदवार रुजू झाल्यावर, आणि आपल्याकडे रूढ दर आहे वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. क्लायंटचं नाव तो लपवतो, कारण तुम्ही परस्पर कंपनीत अर्ज टाकलात तर त्याचे पैसे बुडतात. हा लबाडपणा नाही, धंद्याची रीत आहे. पण त्याचा जोर आज, हीच जागा भरण्यावर असतो हे लक्षात ठेवा. त्याचा फायदाही आहे: तो एकाच वेळी अनेक कंपन्यांचं काम करतो, त्यामुळे तुमची अट त्याच्याकडे नीट नोंदली गेली तर ती अनेक ठिकाणी उपयोगी पडते.

प्रोफाइलवर कंपनीचाच एचआर म्हणून नाव असेल आणि मेलही कंपनीच्या पत्त्यावरून आला असेल, तर तो घरचा रिक्रूटर. त्याला दिलेला नकार त्या एका कंपनीच्या नोंदीत राहतो, पण बराच काळ राहतो. तिथे कंपनीबद्दल एखादं खरं वाक्य घाला, म्हणजे नकार त्या जागेला आहे, कंपनीला नाही, हे कळतं.

तिसरा प्रकार म्हणजे फसवणूक करणारा. नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागितलं, मुलाखतीआधीच आधार किंवा पॅनचा फोटो मागितला, कामाबद्दल एक शब्द नाही आणि पगार मात्र डोळे दिपवणारा, तर उत्तर द्यायच्या भानगडीतच पडू नका. रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. त्याला सभ्य नकार पाठवला तर नंबर चालू आहे एवढंच त्याला कळतं.

उत्तर द्यायला संकोच वाटत असेल तर एक माहिती उपयोगी पडेल. लिंक्डइनच्या इनमेलला, म्हणजे रिक्रूटर अनोळखी माणसाला क्रेडिट खर्चून पाठवतो त्या मेसेजला, तुम्ही ९० दिवसांत उत्तर दिलंत, मग ते नकाराचं का असेना, तर रिक्रूटरला त्या मेसेजचं क्रेडिट परत मिळतं. तेव्हा नकार कळवून तुम्ही त्याचं कामच हलकं करता. फक्त लिंक्डइन पुढे करतं ती तयार उत्तराची बटणं दाबून सोडू नका. त्यातून रिमार्कमध्ये लिहिण्यासारखं काहीच जात नाही.

जागा नेमकी कशामुळे नको?

उत्तर लिहायला बसण्याआधी हे स्वतःशी ठरवायला पाच मिनिटं द्या. न जुळण्याची कारणं बहुतेक तीनच असतात: काम, ठिकाण किंवा पैसा. हुद्दा आणि शिफ्ट यांतच कुठेतरी बसतात.

आपली सवय अशी की कारण काहीही असो, सांगताना “पॅकेज कमी वाटतंय” असं सांगायचं. ते सोपं वाटतं, समोरच्याला लागत नाही. पण भरतीच्या भाषेत तो नकार नसतोच, ती घासाघीस असते. दुसऱ्या दिवशी फोन येतो, “क्लायंटशी बोलले, साडेनऊपर्यंत जातील, उद्या इंटरव्ह्यू लावू?” आता तुम्ही अडकलात. नाही म्हणालात तर शब्द फिरवल्यासारखं, हो म्हणालात तर जायचंच नाही त्या जागेची मुलाखत. म्हणून कारण असं सांगा की जे समोरचा दोन दिवसांत बदलू शकणार नाही.

मावसभावाच्या बाबतीत पगाराचा हिशेब आम्ही केलाच, पण स्वतःपुरता. साडेआठ ‘पर्यंत’ म्हणजे हातात पडेलच असं नाही. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि बरेचदा कामगिरीवर मिळणारी रक्कमही धरलेली असते. सगळं मिळालं असं धरलं तरी फरक वर्षाला १ लाख ३० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार ८०० च्या आसपास, तोही कर कापण्याआधी. चाकणला भाड्याची खोली, दर पंधरा दिवसांनी बेळगावची खेप, आणि बायकोची नोकरी सुटली तर तिचा पगार गेला. हाती काही उरत नव्हतं.

तरी खरं कारण पैसा नव्हतं. ऑटोच्या क्वालिटीचं जग आयएटीएफ १६९४९ हे मानक आणि पीपॅप, म्हणजे भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत, यांचं. त्याचं जग एएस ९१०० हे विमान उद्योगाचं मानक आणि एफएआय यांचं. तीन वर्षं स्टॅम्पिंगच्या कारखान्यात तक्रारींचे अहवाल लिहीत बसला तर सीएमएम प्रोग्रॅमिंगचा हात जाणार, आणि त्याला मागणी आहे ती त्या हातामुळेच. पगार १२ लाख असता तरी तो गेला नसता. मग कारण म्हणून तेच सांगायचं ठरलं: काम.

मेसेज इतका त्रोटक असेल की जुळतंय की नाही हेच कळत नाही, तर नकार द्यायची घाई करू नका. कंपनी कोणती, ठिकाण कुठलं, काम नेमकं काय आणि फिक्स्ड पगाराची मर्यादा किती, एवढं एकदाच विचारा. याची उत्तरं न देता पुन्हा “सीव्ही पाठवा” आलं, तर ते उत्तर पुरेसं बोलकं असतं.

उत्तर लिहिणे

मावसभावाने स्वतः लिहिलेला पहिला मसुदा असा होता: “थँक्यू मॅडम, सध्या मी इंटरेस्टेड नाही. पुढे काही चांगली अपॉर्च्युनिटी असेल तर नक्की कळवा.”

बोलायला गोड आहे, पण रकान्यात काय लिहायचं? ‘चांगली’ शब्दावर कुठलाही फिल्टर लागत नाही. रिक्रूटरच्या दृष्टीने चाकणची जागाही चांगलीच होती, म्हणून तर पाठवली. पुढच्या महिन्यात त्याला रांजणगावची तशीच एक आली असती.

आम्ही शेवटी पाठवलं ते इंग्रजीत होतं, कारण मेसेज इंग्रजीत होता. मराठीत ते असं होईल:

“नमस्कार मॅडम, चाकणच्या जागेबद्दल कळवल्याबद्दल आभार. ही जागा माझ्यासाठी नाही. माझं काम एरोस्पेस मशिनिंगच्या तपासणीचं आहे, मुख्यतः सीएमएम प्रोग्रॅमिंग आणि एफएआय, आणि मला त्याच कामात पुढे जायचं आहे.

नोकरी बदलायची घाई नाही. पण पुढे असं काही असेल तर जरूर कळवा: एरोस्पेस किंवा अचूक मशिनिंगमध्ये सीएमएम किंवा क्वालिटी लीडचं काम, ठिकाण बेळगाव, कागल-कोल्हापूर किंवा हुबळी-धारवाड, फिक्स्ड पगार वर्षाला ९ लाखांपासून पुढे. नोटीस दोन महिन्यांची आहे.

कंपनीचं नाव सांगून मला विचारल्याशिवाय माझं प्रोफाइल कुठेही पाठवू नये, ही विनंती. इथेच मेसेज केलात तरी चालेल, फोन संध्याकाळी सातनंतर.”

एवढंच. यातल्या काही गोष्टींवर आमची बरीच चर्चा झाली, ती सांगण्यासारखी आहे.

नकार दुसऱ्याच वाक्यात आणि सरळ आहे. “सध्या जरा विचार करतोय”, “बघतो, घरी विचारून सांगतो” हे आपल्याकडे नाही म्हणायचे प्रकार आहेत. समोरच्या घरातल्या मंडळींना ते कळतात, रिक्रूटरला नाही. त्याच्या शीटमध्ये ते ‘विचार करतोय, परत फोन करणे’ असं जातं आणि तुम्हाला आठवडाभर फोन येत राहतात. तिसऱ्या फोनला तुम्ही वैतागून उचलत नाही, आणि मग खरंच तुटतं.

अटी तीनच ठेवल्या. मावसभावाला शिफ्ट, शनिवारची सुट्टी, कंपनीची बस, परदेशी ट्रेनिंग हे सगळं घालायचं होतं. मी म्हटलं, ते मुलाखतीला विचार की. शोध लागतो तो काम, ठिकाण आणि पैसा यांवर. बाकीच्या अटी वाचून रिक्रूटरला एवढंच वाटतं की माणूस अवघड आहे.

ठिकाण लिहिताना राज्याचं नाव न घालता गावांची नावं घातली. हे आपल्या भागापुरतं फार महत्त्वाचं आहे. ‘कर्नाटक’ लिहिलंत तर बेंगळुरू आलं, ‘महाराष्ट्र’ लिहिलंत तर पुणे आलं. आपण राहतो ते दोन्हींच्या कडेला, आणि आपल्या सोयीची गावं सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. निपाणी-चिकोडीच्या माणसाने कागल आणि गोकुळ शिरगाव पहिल्यांदा लिहावं. बेळगाव शहरातल्याने कोल्हापूर लिहिताना ते शंभराहून जास्त किलोमीटर आहे आणि तिथे राहावं लागेल हे मनाशी ठरवून लिहावं. खानापूरच्या लोकांना गोवा जवळ वाटतं, पण पावसाळ्यात घाटरस्त्यांचा भरवसा नसतो. रोज ये-जा करेन अशा हिशेबाने वेर्णा लिहू नका.

आणि आकडा. सध्याचा पगार सांगितला नाही, कारण नकार देताना त्याची गरजच नाही. तो एकदा ट्रॅकरमध्ये गेला की पुढची प्रत्येक ऑफर त्याच्यावर वीस-पंचवीस टक्के चढवून येते. पण खालची मर्यादा मात्र सांगितली, आणि ‘फिक्स्ड’ हा शब्द मुद्दाम घातला. मावसभाऊ आधी १२ लाख म्हणत होता. बेंगळुरूला गेला असता तर तो आकडा कदाचित चालला असता. बेळगाव-कागलच्या कारखान्यांत सहा वर्षांच्या अनुभवाला १२ मागितले तर फोनच येणार नाही. सात लिहिलं असतं तर सध्याच्याच पगारावर लोकांनी बोलावलं असतं. नऊ म्हणजे आहे त्यावर पंचवीस टक्के, गावात राहून मिळण्यासारखे आणि जागा सोडायला पुरेसे. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो त्या ठिकाणच्या बाजाराचा असू द्या.

सीव्ही पाठवू नका, निदान आत्ता तरी

नकार देताना बरेच लोक चांगुलपणाने सीव्ही जोडतात, “पुढे उपयोगी पडेल” म्हणून. इथे सगळ्यात मोठा घोळ होतो आणि तो वर्षभराने कळतो.

कन्सल्टन्सीच्या धंद्यात नियम असा की एखाद्या कंपनीकडे तुमचा सीव्ही ज्याने पहिल्यांदा पाठवला, त्याचा तुमच्यावर हक्क, ठरावीक महिने. सहा महिने ही मुदत बरीच आढळते, करारागणिक ती बदलते. आता समजा तुम्ही सीव्ही दिला आणि त्या बाईंनी तो न विचारता चार कंपन्यांकडे ढकलला. तीन महिन्यांनी त्यातल्याच एका कंपनीत तुमच्या मनासारखी जागा निघाली, दुसऱ्या कन्सल्टंटने किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाने तुमचं नाव पुढे केलं. कंपनीचा एचआर सिस्टीममध्ये बघतो तर नाव आधीच आलेलं. फी कोणाला द्यायची या वादात पडायला त्याला वेळ नसतो. तो पुढच्या उमेदवाराकडे जातो, आणि तुम्हाला कोणी काही सांगतही नाही. माझ्या टेबलावर असे सीव्ही बाजूला पडलेले मी पाहिले आहेत.

दुसरं कारण आपल्या गावाचं. उद्यमबाग, मच्छे, होनगा, हत्तरगी, इथले एचआर एकमेकांना फोनवर ‘काय मग, जेवण झालं?’ विचारणारे. ‘नामांकित कंपनी’ म्हणून आलेली जागा तुमच्याच कारखान्याची असू शकते किंवा तुमच्या मालकाच्या ग्राहकाची. सीव्ही फिरत फिरत साहेबांच्या टेबलावर यायला दोन दिवस पुरतात. पुण्याच्या रिक्रूटरला याची कल्पना नसते, म्हणून ‘कंपनीचं नाव सांगून विचारा’ हे वाक्य लेखीच हवं. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ चालू करताना ‘फक्त रिक्रूटरना दिसावं’ हा पर्याय आहे. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसू नये अशी काळजी लिंक्डइन घेतं, पण पूर्ण हमी ते स्वतःही देत नाही. कन्सल्टन्सीवाल्याला तर ते दिसणारच. सगळ्यांनाच दिसणारी ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी फोटोवर लावायची की नाही हे साहेबांचा स्वभाव बघून ठरवा.

आणि हे सगळं ऑफिसच्या मेलवरून किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवरून करू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

फोन आला तर

व्यवस्थित लिहिलेल्या नकारानंतरही एक फोन बहुतेक वेळा येतोच. मावसभावाला दुसऱ्या दिवशी आला, पुण्याच्या बाई, स्वच्छ मराठी. “सर, एकदा इंटरव्ह्यू तर देऊन बघा, कंपनी खूप मोठी आहे. ऑटोतनं पण ग्रोथ छान आहे.”

अशा वेळी नवीन कारण शोधू नका. नवीन कारण दिलं की त्यावर नवीन तोडगा येतो. लिहिलेलंच पुन्हा म्हणा. तो म्हणाला, “मॅडम, मी लिहिल्याप्रमाणे ऑटोकडे जायचं नाही. एरोस्पेसमधलं तुमच्याकडे आत्ता काही नसेल तर हरकत नाही, आलं की कळवा.” बाई दोनदा म्हणाल्या, त्याने दोनदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विषय बदलला: “मग तुमच्या ओळखीत कोणी आहे का? क्वालिटीवालं, चाकणला येणारं?”

हा प्रश्न येणारच, आणि तिथे तुम्हाला संबंध राखायची खरी संधी आहे. पण मित्राचा नंबर लगेच देऊ नका. त्या मित्राची नोकरी, त्याचे साहेब, सगळं आपण वर बोललो तेच त्यालाही लागू. “विचारून सांगतो” म्हणा आणि खरंच विचारा. मावसभावाच्या बॅचचा एक जण पिंपरीत होताच, ऑटोमध्येच, जागा बदलायच्या विचारात. त्याला विचारून नंबर दिला. रिक्रूटरच्या लेखी उमेदवार देणाऱ्या माणसाचा मेसेज पुढच्या वेळी वरच राहतो. ओळखीत कोणी नसेल तर नाही म्हणा, उगीच नाव देऊन भिडस्तपणा करू नका.

बेंगळुरूहून फोन असेल आणि समोरची व्यक्ती कन्नडमध्ये बोलत असेल, तर जमेल तितकं कन्नडमध्ये बोला. सुरुवातीची दोन वाक्यं जमली तरी बोलणं मोकळं होतं. पण ठिकाण आणि पगार या दोन गोष्टी ज्या भाषेत तुम्ही पक्के आहात त्याच भाषेत सांगा आणि नंतर मेसेज करून लेखी ठेवा. फोनवर ‘हुबळी चालेल’चं ‘बेंगळुरू चालेल’ व्हायला वेळ लागत नाही.

मेसेज चुकीचे का येतात, ते बघा

एकच प्रकारचे न जुळणारे मेसेज परत परत येत असतील तर दोष प्रोफाइलमध्ये असतो. रिक्रूटर तुमचा सगळा प्रपंच वाचत नाही. तो शब्द टाकून शोधतो, काहीसा असा:

```
(Belgaum OR Belagavi) AND CMM AND ("PC-DMIS" OR Calypso)
```

मावसभावाच्या प्रोफाइलवर ठळक लिहिलं होतं ‘क्वालिटी इंजिनिअर’, आणि कौशल्यांत पीपॅप आणि आयएटीएफ. कॉलेज सुटल्यावर एका ऑटो कारखान्यात थोडे दिवस होता, तेव्हाचं. सीएमएमचं नाव खाली कुठेतरी, आणि तो ज्या सॉफ्टवेअरवर दिवसभर बसतो त्या PC-DMIS चं नावच नव्हतं. मग त्याला ऑटोवाले शोधणार नाहीत तर कोण शोधणार? मथळ्यात सीएमएम प्रोग्रॅमिंग आणि एरोस्पेस आणलं, सॉफ्टवेअरची नावं इंग्रजीत जशीच्या तशी टाकली, आयएटीएफ खाली नेलं.

शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी झालं, पण शोधणारे अजून दोन्ही लिहितात, आणि कित्येक फक्त जुनंच. `OR` घालायचं ज्याच्या लक्षात येत नाही त्याच्या शोधात तुम्ही एकाच स्पेलिंगमुळे सापडणार नाही. ठिकाणाच्या जागी एक असेल तर परिचयाच्या ओळींत दुसरं येऊ द्या. नौकरीवर पसंतीची ठिकाणं वेगळी भरायची सोय आहे, तिथे कोल्हापूर आणि हुबळी घाला, आणि नोटीसचा कालावधी खरा घाला. रिक्रूटर त्यावर सर्रास फिल्टर लावतात. किती दिवसांपूर्वी प्रोफाइलवर हालचाल झाली हेही ते बघतात, त्यामुळे अधूनमधून एखादी ओळ सुधारत राहिलं तर उपयोग होतो.

पुढे

कोणाला काय सांगितलं हे स्वतःजवळही लिहून ठेवा. फोनमधल्या नोट्समध्ये तारीख, कन्सल्टन्सी, कोणती जागा नाकारली, कोणता आकडा सांगितला, एवढं पुरे. एकाला नऊ आणि दुसऱ्याला अकरा सांगितलं, आणि दोघंही एकाच कंपनीचं काम करत असले, तर ते दिसतं.

परिस्थिती बदलली की त्याच संभाषणात, त्याच मेसेजच्या खाली, दोन ओळी टाका. नवा मेसेज सुरू करू नका, कारण जुनं उत्तर वर दिसलं की समोरच्याला तुम्ही कोण हे आठवावं लागत नाही. काही बदललं नसेल तर ‘काही आहे का मॅडम?’ असं दर महिन्याला विचारू नका. त्याने माणूस घाईत आहे असं दिसतं आणि ‘९ लाखांपासून’ हा आकडा आपोआप खाली येतो.

मावसभावाला त्याच बाईंचा पुढचा मेसेज काही महिन्यांनी आला. या वेळी कंपनीचं नाव पहिल्या ओळीत होतं. ठिकाण कागल, काम सीएमएमचं, पण एरोस्पेस नव्हे, पंपाचे सुटे भाग, आणि फिक्स्ड ८ लाख ६० हजार. तीनपैकी दोन अटी जवळपास जुळत होत्या. त्याने नकार दिला नाही आणि सीव्हीही लगेच दिला नाही. भागांची अचूकता किती मायक्रॉनची लागते, मशीन कोणतं आहे आणि फिक्स्ड ९ पर्यंत जाईल का, एवढं विचारलं. बाईंनी क्लायंटला विचारून तिन्हीची उत्तरं दिली, शेवटचं ‘हो’ असं. मग त्याने “या एकाच कंपनीकडे पाठवायला परवानगी आहे” असं लिहून सीव्ही जोडला.

मुलाखत शनिवारी ठेवायला सांगितली, म्हणजे रजा टाकावी लागणार नाही. बेळगावातून सकाळची एसटी धरली की कागलला वेळेत पोचता येतं.